टेबल तोडलं, डेटा परत जुळला, पण नियम कुठे गेला?

नमस्कार मंडळी. आज डेटाबेसमधल्या एकाच टेबलाबद्दल बोलणार आहे. तीन कॉलमचं टेबल आहे, इतकंच. पण त्या तीन कॉलमनी मला एकदा चांगलंच अडकवलं होतं, आणि डेटाबेस शिकणाऱ्या मुलांना सुद्धा मी हेच टेबल देते, कारण टेबल नीट रचलंय का हे तपासायच्या ज्या दोन कसोट्या आहेत, बीसीएनएफ आणि थर्ड नॉर्मल फॉर्म, त्यांच्यातला खरा फरक याच्यात लख्ख दिसतो. हाताशी कागद असेल तर घ्या, नसेल तरी चालेल, तीनच ओळी लक्षात ठेवायच्या आहेत.

कॉलम कुठले, तर खेळाडू, खेळ आणि कोच. नियम दोन. पहिला असा की एका खेळाडूला एका खेळासाठी एकच कोच असतो, म्हणजे खेळाडू आणि खेळ ठरले की कोच ठरला. दुसरा असा की कोच एकच खेळ शिकवतो, म्हणजे कोच ठरला की खेळ ठरला. एका खेळाला कोच मात्र कितीही असू शकतात. आता ओळी. अनया पोहणं शिकते जोशींकडे. हीच अनया बुद्धिबळ शिकते केळकरांकडे. आणि कबीर पोहणं शिकतो साठेंकडे. झालं आपलं टेबल.

आता यात खटकतं काय, तर जोशींकडे उद्या पन्नास मुलं आली की "जोशी म्हणजे पोहणं" ही एकच गोष्ट पन्नास वेळा लिहिली जाणार, आणि ज्या कोचकडे अजून एकही खेळाडू नाही त्याचा खेळ लिहून ठेवायला तर जागाच नाही. बीसीएनएफ नेमकं याच्यावर बोट ठेवतो. त्याचं म्हणणं असं की जे कॉलम दुसरं काही ठरवतात ते त्या टेबलाची की असले पाहिजेत, निदान त्यांच्यात की पूर्ण आलेली असली पाहिजे. की म्हणजे ज्या कॉलमांवरून टेबलातली एकच ओळ नेमकी ओळखता येते ते कॉलम. कोच खेळ ठरवतो पण कोच काही या टेबलाची की नाही, म्हणून हे टेबल बीसीएनएफमध्ये बसत नाही. थर्ड नॉर्मल फॉर्म मात्र इथे सूट देतो. जो कॉलम ठरवला जातोय तो कुठल्या तरी कीचा भाग असेल तर चालेल म्हणतो, आणि खेळ हा "खेळाडू आणि खेळ" या कीचा भाग आहे, त्यामुळे टेबल थर्डमध्ये आरामात बसतं. ही सूट उगाच आलेली नाही, पुढे दिसेलच.

तर बीसीएनएफ हवा असेल तर टेबल तोडायचं. कसं तोडायचं? दोन-दोन कॉलमचे दोन तुकडे करायचे म्हटलं तर तीनच प्रकार होतात, आणि तीनही करून बघण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार, एका टेबलात खेळाडू आणि खेळ, दुसऱ्यात खेळाडू आणि कोच. दिसायला किती साधं. आता परत जोडा. अनयाचे खेळ दोन आणि कोच दोन, जोडताना प्रत्येक खेळाला प्रत्येक कोच लागणार, झाल्या चार ओळी, कबीरची एक, एकूण पाच. मूळ ओळी तीन होत्या! आता अनया जोशींकडे बुद्धिबळ शिकते आणि केळकरांकडे पोहते असं टेबल सांगायला लागलं. दुसरा प्रकार, खेळाडू आणि खेळ एकीकडे, खेळ आणि कोच दुसरीकडे. पोहणारे दोन, पोहण्याचे कोच दोन, परत चार, बुद्धिबळाची एक, परत पाच. आणि बघा, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अशा जोडण्याला लॉसी जॉइन म्हणतात, आणि लॉसी म्हटलं की वाटतं ओळी हरवल्या असतील, पण ओळी तर वाढल्यात. हरवली ती माहिती, कुठली ओळ खरी हे ओळखायची सोयच उरली नाही. तोडण्याआधी माहीत होतं, आता कुणालाच माहीत नाही, आणि कितीही हुशार क्वेरी लिहा, ते परत मिळत नाही.

तिसरा प्रकार, खेळाडू आणि कोच एका टेबलात, कोच आणि खेळ दुसऱ्यात. जोडा. जोशी म्हणजे पोहणं, केळकर म्हणजे बुद्धिबळ, साठे म्हणजे पोहणं, प्रत्येक ओळीला एकच जोडीदार मिळाला, तीनच्या तीनच ओळी. का जमलं? कारण दोन्ही तुकड्यांमध्ये समान कॉलम आहे कोच, आणि कोच दुसऱ्या तुकड्याची की आहे. दोन तुकडे करताना एवढंच तपासायचं असतं, समान कॉलम दोघांपैकी निदान एका तुकड्याला पूर्ण ठरवतात का. ठरवत असतील तर जोडताना काही हरवत नाही, हे डेटाबेस संशोधक हीथने 1971 मध्येच दाखवून दिलं होतं. आणि बीसीएनएफ करायची जी नेहमीची पद्धत आहे, म्हणजे बीसीएनएफ मोडणारी डिपेंडन्सी, "यावरून ते ठरतं" असं नातं, पकडायची, तिचं एक टेबल करायचं आणि मूळ टेबलातून ठरवला जाणारा कॉलम काढून टाकायचा, ती याच पायावर उभी आहे, म्हणून त्या पद्धतीने तोडलं तर लॉसलेस जॉइन, म्हणजे जोडल्यावर मूळ ओळीच परत मिळणं, दर वेळी मिळतोच.

इथपर्यंत सगळं छान. मी पण एकदा अशीच इथे थांबले होते.

खेळाडूंच्या नोंदी ठेवणारी एक सिस्टीम होती, तिच्यात मी हेच केलं, दोन सुटसुटीत टेबलं, दोन्ही बीसीएनएफमध्ये, मी खूश. काही दिवसांनी हजेरीच्या यादीत एका मुलीचं नाव पोहण्याच्या एकाच बॅचला दोनदा यायला लागलं, दोन वेगवेगळ्या कोचच्या नावावर. मी आधी क्वेरीत चूक शोधली, मग जॉइन परत तपासला, तास गेले त्यात, आणि जॉइन अगदी बरोबर होता. चूक डेटात होती आणि तो डेटा आत शिरायला कुणी अडवलंच नव्हतं.

आपल्या उदाहरणात बघू. समजा कुणीतरी खेळाडू-कोच टेबलात "अनया, साठे" अशी ओळ टाकली. या टेबलाची की दोन्ही कॉलम मिळून आहे, "अनया, जोशी" आधी आहे, "अनया, साठे" नवीन आहे, म्हणून डेटाबेस म्हणतो ठीक. कोच-खेळ टेबलाला तर हातच लागला नाही. दोन्ही टेबलं आपापल्या जागी निर्दोष. पण जोडून बघा, अनयाला पोहण्याला दोन कोच! आपला पहिला नियम मोडला आणि कुठेही एरर आली नाही, कारण त्या नियमातला खेळ एका टेबलात राहिला आणि खेळाडू दुसऱ्यात, नियम राहायला एक घरच उरलं नाही. डिपेंडन्सी प्रिझर्वेशन गेलं म्हणतात ते हे.

हे आधीच ओळखता येतं, आणि मी तेव्हा ओळखलं असतं तर ते तास वाचले असते. तुकड्यांमध्ये कुठले नियम शिल्लक आहेत ते लिहायचं. कोच-खेळमध्ये एक आहे, कोचवरून खेळ. खेळाडू-कोचमध्ये काहीच नाही. आता हरवल्यासारखा वाटणारा नियम घ्यायचा आणि त्याच्या डाव्या बाजूपासून निघायचं. हातात खेळाडू आणि खेळ आहेत, शिल्लक नियमांनी कोचपर्यंत पोहोचता येतं का? एकच नियम आहे आणि तो कोचपासून सुरू होतो, कोच तर हातात नाही. अडकलो. नियम गेला.

आणि ह्या टेबलाला दुसरा कुठला बीसीएनएफ मार्गच नाही, कारण लॉसलेस तुकडे पाडायचा प्रकार एकच होता आणि त्यात नियम जातो. याउलट बर्नस्टाइन या संशोधकाने 1976 मध्ये थर्ड नॉर्मल फॉर्मसाठी नियमांपासून टेबलं रचत जायची पद्धत दिली, तिच्यात सगळे नियम टिकतात, आणि गरज लागेल तिथे मूळ कीचं एक टेबल जोडलं की लॉसलेस जॉइन पण टिकतो. मघाशी म्हटलेली सूट इथे कामाला येते. लॉसलेस जॉइन मी कधीच सोडणार नाही, खोट्या ओळी कुणाला हव्यात? सोडायचाच असेल तर बीसीएनएफचा हट्ट सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे, निदान अशा एकमेकांत गुंतलेल्या कीच्या टेबलांसाठी. बाकी बहुतेक टेबलांत हा पेच येतच नाही, तिथे बीसीएनएफच करा.

कुणी म्हणेल दोन टेबलंच ठेवू आणि ट्रिगर लावू, म्हणजे ओळ टाकताच आपोआप चालणारा कोड, तो जोडून बघेल आणि अडवेल. करून बघितलंय. एकाच वेळी दोन जणांनी ओळी टाकल्या की नेहमीच्या रीड कमिटेड लेव्हलवर एकाचा ट्रिगर दुसऱ्याची कमिट न झालेली, म्हणजे अजून पक्की न झालेली ओळ बघू शकत नाही, बऱ्याच डेटाबेसमध्ये दोघेही पास होतात आणि तीच भानगड परत. लॉक लावून सांभाळता येतं पण ते काम आपल्या गळ्यात येतं.

मग मी शेवटी काय केलं, तर तीन कॉलमचं टेबल परत आणलं आणि कोच-खेळ टेबल पण ठेवलं. तीन कॉलमच्या टेबलाची प्रायमरी की खेळाडू आणि खेळ, पहिला नियम सांभाळला. कोच-खेळची प्रायमरी की कोच, दुसरा सांभाळला. पण एक गोष्ट विसरायची नाही, तीन कॉलमच्या एकट्या टेबलात दुसरा नियम कुठलीही की सांभाळत नाही, एका ओळीत जोशी पोहणं आणि दुसरीत जोशी बुद्धिबळ असं आरामात लिहिता येतं. म्हणून कोच-खेळवर दोन्ही कॉलम मिळून एक युनिक लावायचं, आणि मोठ्या टेबलातून कोच व खेळ या जोडीची फॉरेन की तिकडे न्यायची, म्हणजे तिकडे असलेलीच जोडी इकडे लिहिता येईल, अपडेट कॅस्केडसकट, म्हणजे तिकडे बदललं की इकडेही आपोआप बदलेल, आणि कोचचा कॉलम रिकामा राहू द्यायचा नाही. पुनरावृत्ती राहिलीच, पण आता ती खोटं बोलू शकत नाही.

आणि कॅस्केडचं एक बघा. समजा कोच-खेळमध्ये जोशींचा खेळ बदलून बुद्धिबळ केला. कॅस्केड अनयाच्या ओळीत पोहणंच्या जागी बुद्धिबळ लिहायला जातो, तिथे अनया, बुद्धिबळ, केळकर आधीच आहे, प्रायमरी की आपटते आणि अख्खा अपडेट परत फिरतो. माझ्या जुन्या दोन टेबलांत हाच बदल गुपचूप झाला असता आणि अनयाला बुद्धिबळाचे दोन कोच मिळाले असते. आता स्क्रीनवर एरर येते, आणि अनयाचं आधी काय करायचं ते कुणीतरी माणूस बसून ठरवतो.