छत्री आणि सम

मंडळी, विषयपत्रिकेवर ‘प्रेमगीत: मुखडा ते अंतरा’ असे छापले असले, तरी माझा जीव मुखड्याच्या एका ओळीत अडकला आहे आणि आधी तिच्याविषयीच बोलणार आहे.

चाल आधी तयार होती, दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांची. गाण्यातला प्रियकर ‘प्रेम’ हा शब्द उच्चारणारच नाही, हे मी ठरवले होते. पाऊस थांबला, ती निघून गेली आणि कोपऱ्यात तिची छत्री तेवढी उरली. मी लिहिले, ‘छत्री राहिली तुझी’. जोडाक्षरामुळे ‘छ’ गुरू होतो, म्हणून मात्रा बरोबर बारा, दोन आवर्तने पूर्ण. कागदावर ओळ निर्दोष होती. ध्वनिमुद्रणात मात्र गायिका दर वेळी ‘राहीली’ म्हणू लागली. दोष तिचा नव्हता. आपण टाळी देऊन मोजा: ‘छत्री रा’ इथे सहा मात्रा संपतात आणि दुसरी सम नेमकी ‘हि’ या ऱ्हस्व अक्षरावर येते. समेवर आवाज टेकतो, टेकला की अक्षर लांबते. ‘कोण ऐकतंय एवढं बारकाईनं?’ असे तेव्हा मला सांगण्यात आले, आणि ते मला आजही लागते, कारण ऱ्हस्व अक्षर ताणले की शब्द मराठीचा राहत नाही आणि ऐकणाऱ्याच्या ओठावरही नीट बसत नाही.

त्या रात्री मी फक्त शब्दांचा क्रम बदलला: ‘तुझी छत्री राहिली’. ‘तुझी’ हा शब्द समेच्या आधी, चौथ्या मात्रेपासून उचलायचा. सम ‘छ’वर, ‘त्री’ चार मात्रा लांबवायची. पुढची सम ‘रा’वर आणि ‘ली’ कालावर, म्हणजे चौथ्या मात्रेवर, मोकळी सोडायची. गाताना लांबणारी ‘त्री’ आणि ‘ली’ आता दोन्ही दीर्घ. तालीम संपल्यावर तबलजी वाद्ये आवरताना हीच ओळ गुणगुणत होते. हुक लाइन म्हणतात ती हीच.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून अंतऱ्याचे थोडक्यात सांगतो. अंतऱ्याने मुखड्याची ओळ न बदलता तिचा अर्थ बदलावा. पहिल्या अंतऱ्यात ती छत्री विसरली, एवढेच. दुसऱ्यात पावसाळा सरला आहे, छत्री अजून त्याच कोपऱ्यात आहे, आणि तीच ओळ आता बोलावणे होते. अंतऱ्याची शेवटची ओळ मुखड्याकडे ओढणारी हवी, म्हणून तिथे ‘किती वाट पाहिली’ असे घातले: यमक जुळते, ‘किती’ची उचल ‘तुझी’सारखीच होते. त्यात ‘वा’ लांबवायचा, ‘ट’ नाही, नाहीतर पुन्हा ‘वाटा’ ऐकू येईल.

आता पेटी घ्या, दोन्ही ओळी लागोपाठ म्हणून पाहू.