किलोमागे 4 रुपये

वेंगुर्ल्याजवळ काजू प्रक्रियेचं एक युनिट उभं राहणार आहे, असं समजू. मुदत कर्ज 60 लाख, व्याज 10 टक्के. पहिलं वर्ष हप्त्याला सवलत, मग दरवर्षी 10 लाख मुद्दल, सहा वर्षं.

ही फाईल बँकेत पोचली की अधिकारी आधी एक आकडा शोधतो : डीएससीआर. वर्षभरात कर्ज फेडायला हाती येणारे पैसे, भागिले त्या वर्षी द्यायचं मुद्दल आणि व्याज.

हप्ते सुरू होतात ते वर्ष बघा. करानंतरचा नफा 9 लाख. त्यात घसारा 7 लाख मिळवायचा, कारण तो वहीत खर्च पडतो, पण खिशातून पैसा जात नाही. व्याजाचे 6 लाखही मिळवायचे, कारण ते फेडीच्या बाजूला धरलेलेच आहेत. झाले 22 लाख. द्यायचे 16 लाख. डीएससीआर 1.38.

पुढे व्याज उतरत जातं. कमाई 22 लाखच धरली तरी सहा वर्षांची सरासरी 1.63 येते. बँका साधारण दीडच्या आसपास सरासरी मागतात, म्हणजे प्रकल्प पास झाल्यासारखा वाटतो. पण सरासरी हप्ता भरत नाही. हप्ता त्या त्या वर्षाच्या पैशातून जातो, आणि सगळ्यात अवघड वर्ष पहिलंच असतं.

म्हणून जाणता अधिकारी विचारतो, कच्ची बी महागली तर? युनिट वर्षाला 150 टन बी घेणार, 120 रुपये किलोने. भाव फक्त 4 रुपयांनी चढला आणि गराचा दर तोच राहिला, तर 6 लाख गेले. कराचा फरक सोडला, तर 22 चे 16 उरले. डीएससीआर बरोबर 1. काजूच्या हंगामात 4 रुपये ही काही मोठी गोष्ट नाही. 1.38 मधली सगळी ऐसपैस जागा तेवढ्यात संपते.

आणखी एक गोष्ट रिपोर्टमध्ये हमखास राहून जाते : मालकाची घरखर्चाची उचल. मालकी हक्काच्या धंद्यात वर्षाला 3 लाख घरी गेले, तर बी महागायच्या आधीच आकडा 1.19 होतो. अधिकारी ती उचल स्वतः वजा करून बघतो, आणि ते योग्यच आहे.

मग कर्ज नाकारायचं? तसं नाही. तेच 60 लाख आठ वर्षांत फेडायचे ठरवले, तर पहिल्या वर्षी साडेतेरा लाखच द्यावे लागतात. उचल धरून डीएससीआर 1.41. बी 4 रुपयांनी महागली तरी 13 लाख हातात राहतात. हप्त्याला 50 हजार कमी पडतात, पण आधीच्या मांडणीत हीच तूट 3 लाखांची झाली असती. याच्या बदल्यात हप्त्यांच्या काळातलं व्याज 21 लाखांवरून 27 लाखांवर जातं.