मिताक्षरा आणि दायभाग: छत्तीस एकरांच्या दोन वाटण्या

मंडळी, बंगाल-नागपूर रेल्वेच्या निमित्तानं नागपुरात आलेली बंगाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथं राहतात. त्यांच्या भिंतीला भिंत लागून मराठी कुटुंब असतं. दोन्ही हिंदू, दोघांचं कोर्टही एकच. पण एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेचा प्रश्न आला की मराठी घराला विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथातले नियम लागतात आणि बंगाली घराला जीमूतवाहनाच्या दायभाग या ग्रंथातले. कुटुंब दुसऱ्या प्रांतात गेलं तरी त्याचा वैयक्तिक कायदा त्याच्याबरोबर जातो, असं न्यायालय गृहीत धरून चालतं.

आता दोन्ही घरांकडे ३६ एकर वडिलोपार्जित शेती आहे असं समजू. वडील आणि दोन मुलगे आहेत, आई हयात नाही. काळ १९३० च्या आसपासचा.

मिताक्षरेत मुलगा जन्मतःच त्या जमिनीचा भागीदार होतो. बाप जिवंत असतानाही तो वाटणी मागू शकतो. मात्र वाटणी होईपर्यंत कुणाचाच हिस्सा ठरलेला नसतो. बाप वारला की मुलगे उरतात, मुलांपैकी थोरला निपुत्रिक वारला की धाकटा उरतो, आणि जो उरला त्याच्याकडे सगळी जमीन जाते. आपल्या मराठी घरात धाकट्याकडे ३६ एकर आले. थोरल्याच्या बायकोला राहायला जागा आणि पोटगी मिळणार, जमीन नाही.

दायभागात बाप असेपर्यंत मुलाचा हक्कच नसतो. बाप सगळ्याचा मालक. तो गेल्यावर मुलं वारस होतात, आणि त्याच क्षणी प्रत्येकाचा हिस्सा ठरतो. दोघं एका चुलीवर जेवत असले तरी १८ एकर एकाचे, १८ दुसऱ्याचे. थोरला निपुत्रिक वारला की त्याचे १८ एकर त्याच्या बायकोकडे जातात. तिचा हक्क हयातीपुरता. मनात आलं म्हणून ती ती जमीन विकू शकत नाही. पण दिराकडे वाटणी ती मागू शकते. बंगाली विधवेच्या हाती हे होतं आणि आपल्याकडच्या विधवेच्या हाती नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. १९३७ साली कायदा करून आपल्याकडेही विधवेला नवऱ्याचा हिस्सा हयातीपुरता मिळाला, पण सुरुवातीला शेतजमिनीला तो कायदा लागू नव्हता.

मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला. त्यानं दोन्ही पद्धती एक केल्या असं पुष्कळांना वाटतं. तसं झालं नाही. तीच ३६ एकर घ्या. वडील १९७० साली मृत्युपत्र न करता वारले, मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. दायभागाच्या घरात जमीन वडिलांचीच होती, म्हणून तिघांना प्रत्येकी १२ एकर. मिताक्षरेच्या घरात आधी अशी कल्पना करायची की मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली: वडील १२, मुलगे १२-१२. मग वडिलांचे १२ तिघांत वाटायचे, म्हणजे ४-४. शेवटी प्रत्येक मुलाकडे १६ आणि मुलीकडे ४ एकर. एकाच कायद्याखाली बंगाली मुलीला १२ आणि मराठी मुलीला ४!

महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना सहदायाद, म्हणजे मुलांसारखंच जन्मतः भागीदार केलं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. मुलींना हाच हक्क देणारी देशभरची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि त्या तारखेला वडील हयात असणं आवश्यक नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडता येत नाहीत. आता वडील २०१० साली गेले असं धरा. मिताक्षरेत वडील आणि तीन मुलं मिळून चार भाग, ९-९ एकर, वडिलांचे ९ तिघांत ३-३, प्रत्येकाला १२. आकडा बंगाली घराइतकाच झाला.

पण हा आकडा जुळतो तो मृत्युपत्र नसेल तरच. मराठी घरातले वडील मृत्युपत्रानं फक्त आपला भाग, या उदाहरणात ९ एकर, देऊ शकतात. बंगाली वडील ३६ च्या ३६ एकर एकाच मुलाला, किंवा परक्यालाही लिहून देऊ शकतात, आणि मुलांना त्यावर ‘आमचा जन्मसिद्ध हक्क आहे’ असं म्हणता येत नाही. स्वकष्टार्जित मालमत्तेत हा फरक नाही; तिथं दोन्ही घरांतले वडील मोकळे.

म्हणून वाटणीचा दावा लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, जमीन वडिलांकडे कशी आली, यासाठी जुने फेरफार काढा. वडिलांना १९५६ नंतर त्यांच्या वडिलांकडून वारसानं मिळालेली मालमत्ता ही त्यांची स्वतःची धरली जाते. केवळ ‘आजोबांची होती’ म्हटल्यानं नातवाचा जन्मसिद्ध हक्क ठरत नाही. दोन, घर बाहेरच्या प्रांतातून आलं असेल तर लग्न-श्राद्धाचे विधी कुठल्या रीतीनं आणि कुठल्या पुरोहिताकडून होतात ते विचारा; कुटुंबानं आपला मूळ कायदा ठेवला की नाही हे त्यावरून दिसतं. कुटुंबानं मूळ कायदा सोडून इथला स्वीकारला, असं जो म्हणतो त्यालाच ते सिद्ध करावं लागतं.