हजार कोटीच टोकन, मग टंचाई का नाही?

नमस्कार मंडळी, नाशिकहून बोलतोय. परवा निफाडच्या मामेभावाचा फोन आला. "दादा, एक क्रिप्टो कॉइन सापडलंय. हजार कोटीच निघणार, पुढे एकही नाही. घेऊन ठेवू का?"

मी म्हटलं, लासलगावला कांद्याचा भाव कशावर ठरतो? आजच्या आवकेवर. आणि चाळीत किती माल पडून आहे, हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून माल बाजारात यायच्या आधीच तो हात आखडता घेतो.

बिटकॉइनचं बघा. कमाल संख्या २ कोटी १० लाख. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, तयार होतो आणि २,१०,००० ब्लॉक झाले की तो तयार करणाऱ्याला मिळणारं नवीन नाण्यांचं बक्षीस निम्मं होतं. हेच हाल्विंग. २० एप्रिल २०२४ ला ते ६.२५ वरून ३.१२५ झालं, म्हणजे रोजची नवी आवक सुमारे ९०० वरून ४५० वर आली. पण तोवर साधारण १ कोटी ९७ लाख नाणी निघालेलीच होती. हाल्विंगने आटते ती फक्त नवी आवक, जुनी नाणी कोणीही कधीही विकू शकतो. म्हणून 'हाल्विंग झालं की भाव वाढणारच' हे मला पटत नाही.

आता आर्बिट्रम नावाचा दुसरा क्रिप्टो प्रकल्प घ्या. मार्च २०२३ मध्ये त्याचं टोकन आलं, संख्या १,००० कोटी. वर्षभराने बाजारात फिरत होते जेमतेम १२७ कोटी. बाकीचे चाळीत. मग १६ मार्च २०२४ ला 'क्लिफ' संपला, म्हणजे पहिलं कुलूप उघडलं. टीम आणि सल्लागारांचे सुमारे ६७ कोटी, गुंतवणूकदारांचे ४४ कोटी, मिळून १११ कोटी टोकन एका दिवसात विकण्याजोगे झाले. फिरत्या मालाच्या तब्बल ८७ टक्के! बिटकॉइनमध्ये हाल्विंगनंतर अख्ख्या वर्षात एक टक्काही नवी भर पडत नाही. शिवाय आर्बिट्रमचे पुढे दर महिन्याला सव्वानऊ कोटींच्या आसपास टोकन सुटत राहणार, हेही आधीच जाहीर होतं.

कुलूप उघडलं म्हणजे माल लगेच विकला असं नाही, बरं का. काहीजण धरून ठेवतात. उलट काही खरेदीदार तारखेच्या आधीच बाहेर पडतात, त्यामुळे भाव कधी आधी पडतो तर कधी नंतर हळूहळू झिजतो. पण ज्यांना टोकन फार स्वस्तात मिळालेत, त्यांना पडत्या भावातही फायदाच असतो. हे विसरू नका.

मामेभावाला मी किमती दाखवणाऱ्या साइटवर त्याच्या कॉइनचं पान उघडायला लावलं. Circulating Supply म्हणजे फिरता माल, त्याला Total Supply म्हणजे एकूण मालाने भागायला सांगितलं. १४ टक्के आले. मग प्रकल्पाच्या कागदपत्रांत व्हेस्टिंगचं, म्हणजे कुलपं कधी उघडणार त्याचं, वेळापत्रक शोधलं. टीमचा क्लिफ दोन महिन्यांवर होता.

"म्हणजे चाळ भरलेली आहे की," तो म्हणाला. पैसे त्याने अजून बँकेतच ठेवलेत.