लाळ पुसायची, गाल नाही

एक फोटो डोळ्यांसमोर आणा. आठ महिन्यांचं बाळ, डावीकडून खिडकीचा उजेड, तोंडाभोवती गाजराचा लगदा आणि खालच्या ओठावरून हनुवटीपर्यंत आलेली लाळेची एक ओघळ. हा फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचा आहे. बहुतेक जण काय करतात? Photoshop मधला Spot Healing Brush घेतात आणि डाग दिसेल तिथे घासत सुटतात. पाच मिनिटांत तोंड स्वच्छ होतं खरं, पण हनुवटी मेणाची दिसायला लागते.

कारण आपण ‘डाग’ म्हणून ज्याला एकच नाव देतो, त्यात इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गालावर पसरलेला लगदा इतका पातळ आहे की त्याखालची त्वचा दिसते, फक्त तिचा रंग बदललाय. लाळेत रंग नाही, नुसती चकाकी आहे. आणि ओठाच्या कोपऱ्यात जो गोळा चिकटलाय, त्याखालचं मात्र खरंच काही दिसत नाही. नवी त्वचा आणून बसवावी लागते ती प्रामुख्याने या शेवटच्या जागी.

म्हणून आधी रंग. मूळ चित्राला हात न लावता वर रिकामा लेयर घ्यायचा आणि त्याचा मोड Color करायचा. डागाशेजारच्या स्वच्छ गालाचा रंग उचलायचा आणि मऊ कडेच्या ब्रशने, Flow दहा टक्क्यांच्या आसपास ठेवून, हळूहळू फिरवायचा. केशरी छटा जाते आणि गालावरची बारीक लव जिथल्या तिथे राहते, कारण हा मोड फक्त रंग बदलतो, खालचा उजेड-अंधार तसाच ठेवतो. पण त्यामुळेच एक अडचण येते. लगद्याने गाल थोडा काळवंडलेला असेल, तर तो काळपटपणा मागे उरतो आणि जागा राखट दिसते. तेवढ्याच भागापुरता Curves लेयर लावून किंचित उजळलं की काम होतं. रंग उचलताना मात्र जवळूनच उचला. बाळाचा गाल मध्यभागी लालसर आणि जबड्याकडे फिका असतो. एकच रंग सगळीकडे फिरवला तर ती लाली मरते आणि बाळ आजारी वाटतं.

आता लाळ. इथे मी Clone Stamp वापरतो, वेगळ्या रिकाम्या लेयरवर, Sample मध्ये Current & Below निवडून आणि ब्रशचा मोड Darken ठेवून. ओघळीला अगदी लागून असलेली कोरडी त्वचा नमुना म्हणून घ्यायची. या मोडमध्ये नमुन्यापेक्षा उजळ असलेले बिंदूच बदलतात, म्हणजे चकाकी दबते आणि आजूबाजूला धक्का लागत नाही. Opacity तीस टक्के पुरते, दोनतीनदा फिरवा. ओघळीचा मधला पट्टा मात्र पूर्ण पांढरा झालेला असेल, तर तिथे त्वचेची माहितीच उरलेली नसते. तो पट्टा नुसता दाबला तर करडा होतो, म्हणून तिथे आणि त्या गोळ्याच्या जागी Healing Brush.

नमुना कुठून घ्यायचा, यात लोक सर्वांत जास्त चुकतात. उजेडाच्या त्याच बाजूचा हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फोकसचं काय? जवळून काढलेल्या फोटोत ओठ स्पष्ट आणि कानाजवळचा गाल पुसट असतो. तो पुसट गाल हनुवटीवर आणला की रंग जुळतो, तरी ठिगळ डोळ्यात खुपतं. दुसरं, Healing Brush आजूबाजूचा रंग आत ओढून घेतो. ओठाच्या कडेला तो चालवला की ओठाची लाली त्वचेत फुटते आणि कड विरघळते. त्या कडेपुरतं सिलेक्शन करून साधा Clone Stamp वापरायचा.

ओठावरचा ओलेपणा मी जवळजवळ कधीच काढत नाही. तो काढला की ओठ खडूसारखे कोरडे दिसतात. हनुवटीवरची पुरळ हा वेगळा विषय. ती ठेवायची की नाही हे घरच्यांना विचारतो.

तपासणीसाठी सगळ्यांत वर एक तात्पुरता Curves लेयर लावा आणि रेषा नागमोडी, खूप चढउताराची करा. चित्र भयानक दिसेल, दिसू द्या. डोळ्यांना न दिसलेले ठिगळाचे कडेकोपरे त्यात लगेच उघडे पडतात. मग तो लेयर काढून शंभर टक्के झूमवर लव आणि दाणा सलग आहे का ते पाहायचं.

या फोटोत सगळं झाल्यावर मला हनुवटी तरीही जरा जास्तच नीटनेटकी वाटत होती. लाळेच्या लेयरची Opacity ऐंशीवर आणली. ओघळीची पुसट खूण परत आली आणि खाली, लाळेऱ्याच्या काठावरचा ओला डाग आता कुठून आला ते कळायला लागलं. तो डाग पुसायचं मी आधीच टाळलं होतं.