मुलाच्या गेमिंग खात्यावर कोण बोलू शकते

पालकहो, नमस्कार. आज मी एकाच खेळाविषयी बोलणार आहे आणि त्या खेळातल्या एकाच गोष्टीविषयी. खेळ आहे फोर्टनाइट, कारण आपल्या शाळेतल्या पाचवी ते आठवीच्या मुलांच्या तोंडी मी तो सतत ऐकतो. गोष्ट अशी की या खेळात आपल्या मुलाशी कोण बोलू शकते, कोण त्याचा मित्र होऊ शकते आणि त्याचा आवाज कोणाच्या कानावर पडतो, हे ठरवणाऱ्या सेटिंगचा पैशांच्या सेटिंगशी काहीही संबंध नाही. मी संगणक शिकवतो, त्यामुळे पालक मुलांची खाती घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांनी खरेदीवर पिन लावलेला असतो, आणि आता खाते सुरक्षित झाले या समजुतीने ते निश्चिंत असतात. अनोळखी माणसाशी बोलायला मात्र एक रुपयाही लागत नाही, म्हणून तो पिन तिथे कधी आडवा येतच नाही.

या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे अमेरिकेतल्या एका कारवाईवरून नेमके कळते. १९ डिसेंबर २०२२ रोजी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताचे काम पाहणाऱ्या सरकारी आयोगाने फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीशी झालेली तडजोड जाहीर केली. एकूण रक्कम ५२ कोटी डॉलरची होती, पण प्रकरणे दोन होती. नको असलेली खरेदी सहज होऊन जाईल अशी बटणांची रचना आणि पालकांना न विचारता मुलांकडून झालेला खर्च यांसाठी २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत करायचे होते. दुसरे प्रकरण मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाविषयीच्या १९९८ च्या कायद्याखालचे होते आणि त्यात २७.५ कोटी डॉलरचा दंड झाला. या दुसऱ्या प्रकरणातला एक मोठा आक्षेप असा होता की मुलांसाठीसुद्धा आवाजाची आणि मजकुराची चॅट मुळातच चालू ठेवलेली होती आणि त्याच वेळी खेळ मुलांची जोडी अनोळखी लोकांशी लावत होता. कंपनीतल्याच काही कर्मचाऱ्यांनी २०१७ पासून सांगितले होते की व्हॉइस चॅट आधी बंद असावी आणि ज्याला हवी त्याने ती चालू करावी. पुढे ती बंद करण्याचे बटण आले, पण ते सहज सापडेल अशा जागी नव्हते, असेही आयोगाने नोंदवले.

त्या तडजोडीतल्या आदेशामुळे आता अल्पवयीन मुलांच्या खात्यावर चॅट आपोआप चालू नसते. खाते उघडताना तेरापेक्षा कमी वय सांगितले, तर पालकांची संमती मिळेपर्यंत खेळता येते, पण चॅट आणि खरेदी दोन्ही बंद राहतात. हे सारे खऱ्या जन्मतारखेवर अवलंबून आहे, आणि आपल्या घरांमध्ये खाते उघडताना मूल घाईघाईने १९९५ किंवा २००० असे एखादे वर्ष निवडते, किंवा ते खाते मुळात बाबांचेच असते. अशा खात्याला खेळ प्रौढ समजतो आणि प्रौढासाठी जे उघडे असते ते सगळे मुलासाठी उघडे राहते. म्हणून मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो, की खात्यावर जन्मवर्ष कोणते आहे.

आता एक घर सांगतो. सहावीतला मुलगा, अकरा वर्षांचा. घरी प्लेस्टेशन हा टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल, त्यावर फोर्टनाइट. आधी एकदा न विचारता खरेदी झाल्यामुळे वडिलांनी एपिकच्या खात्यात जाऊन Parental Controls हा विभाग उघडला, सहा आकडी पिन ठरवला आणि प्रत्येक खरेदीला तो विचारला जाईल अशी व्यवस्था केली. तिथेच त्यांना व्हॉइस चॅटचे पर्याय दिसले आणि त्यातला त्यांनी Friends Only हा निवडला. मित्रांशीच बोलेल, मग काळजी कशाची, असे त्यांना वाटले. महिनाभराने आई खोलीत कपडे ठेवायला गेली, तेव्हा मुलाच्या हेडफोनची वायर निघालेली होती आणि टीव्हीतून एका मोठ्या माणसाचा आवाज आला, ‘भाई, तू कौन से स्कूल में है?’ आईने मुलाला विचारले, हा कोण? तो म्हणाला, माझा फ्रेंड आहे.

मुलगा खोटे बोलत नव्हता. खेळाच्या दृष्टीने तो माणूस मित्रच होता. आम्ही मित्रांची यादी उघडली तेव्हा तिच्यात चौसष्ट नावे होती आणि त्यांतली नऊच मुले त्याच्या ओळखीची होती. बाकीचे कुठून आले ते पाहू. फोर्टनाइटच्या चार जणांच्या संघात जागा रिकाम्या असतील आणि Fill हा पर्याय चालू असेल, तर खेळ त्या जागी अनोळखी खेळाडू आणून बसवतो. सामना संपला की त्यांतला एखादा फ्रेंड रिक्वेस्ट पाठवतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ती शाबासकीसारखी वाटते आणि तो स्वीकारतो. त्या एका बटणाने अनोळखी माणूस Friends Only च्या आत येतो. व्हॉइस चॅटची सेटिंग चुकीची नव्हती, पण मित्र कोणाला म्हणायचे हे ठरवणारी सेटिंग उघडी होती, आणि पहिली सेटिंग पूर्णपणे दुसरीच्या आधारावर उभी असते. आज मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच आहे: आधी मैत्रीची विनंती, मग आवाज. क्रम उलटा झाला, तर आवाजाच्या सेटिंगला फारसा अर्थ राहत नाही.

त्या घरी आम्ही काय केले, ते क्रमाने सांगतो. त्याच विभागात मित्र जोडताना पिन मागण्याची सोय आहे, ती चालू केली. पण ही सोय पुढच्या विनंत्यांसाठी असते आणि आधी आत आलेल्या मित्रांना ती बाहेर काढत नाही. पालकांकडून सर्वांत जास्त वेळा हेच राहून जाते. म्हणून आई आणि मुलगा शेजारी बसले आणि चौसष्ट नावे एकेक करून मोठ्याने वाचली. ज्या नावामागचा मुलगा शाळेतला, सोसायटीतला किंवा नात्यातला आहे असे तो सांगू शकला, ते ठेवले आणि बाकीची काढली. पाऊण तास लागला. दोन नावांवर मुलगा रडकुंडीला आला, कारण त्यांच्याबरोबर तो रोज खेळत असे. ती नावे काढताना आईने त्याला ओरडले नाही, हे मला फार बरे वाटले. त्याने काही चूक केली नव्हती. समोर आलेले बटण त्याने दाबले होते. त्यानंतर व्हॉइस चॅट Friends Only वरच ठेवली आणि मजकुराच्या चॅटलाही तोच पर्याय दिला. या दोन सेटिंग वेगवेगळ्या आहेत, एक बदलल्याने दुसरी बदलत नाही. मित्र आणि संघातले सहकारी असा एकत्र पर्यायही तिथे दिसतो. तो निवडला तर Fill मधून आलेला अनोळखी सहकारी थेट बोलू शकतो, आणि त्याला मित्र होण्याचीही गरज पडत नाही.

यानंतर तपासणी केली. सेटिंगचे पान पाहून समाधान मानू नये, प्रत्यक्ष करून पाहावे. आईने स्वतःच्या फोनवरून एपिकचे वेगळे खाते उघडले आणि मुलाला विनंती पाठवली. मुलाने ती स्वीकारायचा प्रयत्न केला तेव्हा पडद्यावर पिन मागितला गेला. पिन न विचारता विनंती स्वीकारली गेली असती, तर सेटिंग लागलेली नाही, किंवा मूल दुसऱ्याच खात्यावरून खेळत आहे, असे समजावे. एपिकच्या खात्याला जोडलेला ईमेलही आम्ही पाहिला. पिन विसरला तर नवा घेण्याची वाट ईमेलमधून जाते, तेव्हा तो ईमेल मुलाच्या हाती असेल तर पिनही त्याच्याच हाती असतो.

एवढे करूनही आठवड्याने आईचा फोन आला, की तोच आवाज पुन्हा ऐकू येतो आहे. या वेळी आवाज फोर्टनाइटमधून येत नव्हता. प्लेस्टेशनची स्वतःची मित्रयादी असते आणि स्वतःची पार्टी चॅटही असते, म्हणजे मित्रांनी गट करून आपसात बोलण्याची सोय. ती खेळाच्या बाहेर, कन्सोलच्या पातळीवर चालते आणि एपिकची कोणतीही सेटिंग तिला लागू पडत नाही. हे ओळखण्याची सोपी खूण अशी की खेळ बंद करून कन्सोलच्या मुख्य पडद्यावर आल्यावरही आवाज चालू राहिला, तर तो कन्सोलचा आहे. वडिलांनी प्लेस्टेशनवर मुलाचे खाते रीतसर कुटुंबाच्या खात्याखाली उघडले होते आणि खर्चाची मासिक मर्यादा शून्यावर होती. पण मुलांच्या खात्यावर संवादाची जी वेगळी बंदी असते, ती त्यांनी ‘मला मित्रांशी बोलताच येत नाही’ या मुलाच्या तक्रारीमुळे उठवलेली होती. ती पुन्हा लावली. प्लेस्टेशनवर मुलाला एखाद्या ठरावीक खेळापुरती बोलण्याची परवानगी मागता येते आणि पालकांना ती तेवढ्याच खेळासाठी देता येते, तशी ती फोर्टनाइटसाठी दिली. आता खेळात वर्गमित्रांशी बोलता येते आणि कन्सोलची पार्टी बंद आहे. कन्सोलच्या खासगीपणाच्या सेटिंगमध्ये फ्रेंड रिक्वेस्ट कोण पाठवू शकतो याचेही पर्याय आहेत: कोणीही, मित्रांचे मित्र, किंवा कोणीच नाही. तिथे आम्ही शेवटचा निवडला आणि कन्सोलची मित्रयादीही वाचून काढली.

आवाजाविषयी आणखी एक बाब सांगायला हवी. शिवीगाळ झाकणारी जी गाळणी खेळात आहे, ती लिहिलेल्या मजकुरासाठी आहे. बोललेला शब्द मुलाच्या कानावर जसाच्या तसा पडतो. त्यावर उपाय म्हणून एपिकने २०२३ च्या अखेरीस आवाजाची तक्रार करण्याची सोय आणली. त्यात चॅटमधली शेवटची पाच मिनिटे खेळाडूच्या उपकरणावरच साठत राहतात, जुना भाग पुसला जातो आणि तक्रार केली तरच तो तुकडा कंपनीकडे जातो. अठराच्या आतल्या खेळाडूंसाठी ही सोय कायम चालू असते. पण अवधी पाच मिनिटांचाच आहे. मुलाने रात्री जेवताना सांगितले की दुपारी एक जण घाणेरडे बोलला, तर तोवर ते बोलणे पुसले गेलेले असते. तक्रार कुठून करायची हे मुलाला आधीच दाखवून ठेवले आणि ती करायला आईबाबांची परवानगी लागत नाही असे स्पष्ट सांगितले, तरच त्या पाच मिनिटांचा उपयोग होतो.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलवर बोलत मुले खेळतात, तेव्हा यांपैकी कोणतीही सेटिंग तिथे पोहोचत नाही. त्या घरात हा प्रश्न अजून आलेला नाही, कारण मुलाकडे फोन नाही. ज्यांच्या मुलांकडे आहे, त्यांना तिकडची यादीही अशीच वाचावी लागेल.

त्या घरी आता पिन आईकडे असतो. नवी विनंती आली की मुलगा हाक मारतो आणि ती एकच प्रश्न विचारते, ‘याचं आडनाव काय?’ उत्तर आले तर ती पिन टाकते. गेल्या आठवड्यात एका नावावर मुलगा थोडा वेळ थांबला, म्हणाला, ‘उद्या शाळेत विचारून सांगतो,’ आणि ती विनंती तशीच ठेवून खेळायला लागला.