चाळीस ते साठ टक्के : अमोनियम सल्फेटच्या कटाचा हिशेब

आज मी एकच उदाहरण घेऊन बोलणार आहे. कोंबडीच्या स्नायूंचा अर्क काढला आहे, २०० मिलिलिटर, आणि त्यातून लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर वेगळं करायचं आहे. पहिली पायरी अमोनियम सल्फेटची. मीठ वाढत गेलं की प्रथिनांच्या पृष्ठभागावरच्या जलविरोधी भागांभोवतीचं पाणी मिठाकडे ओढलं जातं, ते भाग एकमेकांना चिकटतात आणि प्रथिन खाली बसतं. कोणतं प्रथिन किती मिठाला बसेल, हे प्रत्येकाचं वेगळं. कट घ्यायचा, म्हणजे मिठाच्या दोन टक्केवारींच्या मध्ये बसणारं प्रथिन तेवढं उचलायचं, ते या फरकाच्या जोरावर.

कटाच्या सीमा पुस्तकातून उचलू नका. अर्काचे दहा-दहा मिलिलिटरचे भाग करा. त्यांत ३०, ४०, ५०, ६०, ७० टक्के संपृक्तता आणा, १०० टक्के म्हणजे आणखी मीठ विरघळणारच नाही अशी स्थिती; मग सेंट्रिफ्यूज करा, आणि वरच्या निवळीत किती क्रियाशीलता उरली ते मोजा. समजा ४० टक्क्यांना जवळजवळ सगळी निवळीतच आहे आणि ६० टक्क्यांना जेमतेम पाच टक्के उरली आहे, तर आपला कट ४० ते ६०. गाळही बफरमध्ये विरघळवून मोजा. निवळ आणि गाळ यांची बेरीज मूळ क्रियाशीलतेपेक्षा बरीच कमी भरली, तर विकर मेलं आहे किंवा मिठामुळे मापनच बिघडलं आहे. हे न तपासता पुढे जाणं मला पटत नाही.

आता हिशेब. शून्य अंश सेल्सियसला, एक लिटर द्रावणात घालायचे ग्रॅम असे काढतात:

```
g = 505 × (S2 − S1) / (100 − 0.285 × S2)
```

S1 म्हणजे आत्ताची टक्केवारी, S2 म्हणजे हवी असलेली. छेदातली वजाबाकी कशासाठी? मीठ विरघळलं की द्रावणाचं आकारमान वाढतं, त्याची ती भरपाई आहे. २० अंशांना हेच सूत्र ५३३ आणि ०.३ हे आकडे घेऊन वापरतात. थंड खोलीत काम करताना चुकून २० अंशांचे आकडे घेतले, तर ६०च्या जागी आपण ६३ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. तपमान ठरवा, तेच कायम ठेवा आणि वहीत लिहा.

पहिला टप्पा, ० ते ४० : लिटरला २२८ ग्रॅम, म्हणजे २०० मिलिलिटरला ४५.६ ग्रॅम. गाळ काढून टाकल्यावर निवळ मोजपात्रात ओता. ती २०० नसेल. समजा २१८ भरली. दुसरा टप्पा, ४० ते ६० : लिटरला १२१.८ ग्रॅम, आणि २१८ मिलिलिटरला २६.६ ग्रॅम.

चुका होतात त्या या दुसऱ्या टप्प्यावर. "अजून वीस टक्केच तर वाढवायचे" म्हणून कोणी तक्त्यातला ० ते २०चा आकडा घेतो, १०७ ग्रॅम. मग संपृक्तता ५८च्या खालीच राहते आणि विकराचा एक भाग निवळीबरोबर फेकला जातो. दुसरा कोणी जुनंच २०० मिलिलिटर धरतो; तोही ५८च्या आसपास अडकतो. सगळ्यांत वाईट चूक म्हणजे ६० टक्के याचा अर्थ १०० मिलिलिटरला ६० ग्रॅम असा घेणं. त्याने आपण थेट ८९ टक्क्यांच्या जवळ जातो आणि नको असलेली प्रथिनंही खाली येतात.

मीठ खलात बारीक करून घ्या, गुठळी राहू देऊ नका. भांडं बर्फात, मॅग्नेटिक स्टरर मंद. मीठ चिमटीचिमटीने वीस-तीस मिनिटांत घाला, आधीचं विरघळल्याशिवाय पुढचं नाही. एकदम ओतलं तर त्या जागी संपृक्तता क्षणभर खूप चढते आणि कटाबाहेरचं प्रथिनही तिथे बसतं. फेस आला तर प्रथिन हवेच्या पृष्ठभागावर विकृत होतंय असं समजा. हे मीठ द्रावण किंचित आम्ल करतं, म्हणून बफर ५० मिलिमोलरच्या आसपासचा ठेवा आणि पीएच मधूनमधून पाहा. शेवटची चिमूट विरघळल्यावर अर्धा तास ढवळा आणि १०,००० जी बलाने वीस मिनिटं फिरवा. ६० टक्क्यांचं द्रावण जड असतं, त्यात गाळ सावकाश बसतो. निवळ गढूळ दिसली तर आणखी फिरवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. प्रथिन विरळ असेल, मिलिलिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा कमी, तर त्याच टक्केवारीला ते पूर्ण बसत नाही. त्यामुळे चाचणीचा अर्क आणि मुख्य अर्क यांची प्रथिनसंहती सारखी असली पाहिजे, नाहीतर चाचणीत ठरवलेला ४० ते ६०चा कट मुख्य अर्कात सरकतो.

गाळ थोड्याच बफरमध्ये, त्याच्या आकारमानाच्या एक-दोन पट, विरघळवा. त्यात अडकलेलं मीठ अजून असतंच, म्हणून पुन्हा कट घ्यायचा असेल तर S1 शून्य धरता येत नाही. आधी डायलिसिस करा. डायलिसिसची पिशवी अर्धीच भरा. आतल्या मिठामुळे पाणी आत शिरतं, आणि गच्च बांधलेली पिशवी रात्रीत फुटू शकते.